वास्तुशांतीच्या फोटोखालची एक ओळ

*ताई, नमस्कार. माझं वय ३६. सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, राहायला सिडकोत. २०२१ च्या एप्रिलमध्ये मामांना कोरोनामुळे अ‍ॅडमिट केलं तेव्हा मामेभावाला, म्हणजे दादाला, मी ६० हजार रुपये दिले होते. मामांना तेव्हा काही सांगितलं नव्हतं. दादाने २५ हजार परत केले, ३५ राहिले. गेल्या महिन्यात त्याने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचे फोटो फेसबुकवर टाकले. मी खाली लिहिलं, ‘अभिनंदन दादा! आता आमची जुनी उधारीपण फेडून टाक, पाच वर्षं झाली,’ आणि पुढे हसणारा चेहरा. दादाने त्याखाली ‘हो रे, लक्षात आहे’ एवढंच लिहिलं. त्याच्या मेव्हण्याने, ऑफिसातल्या लोकांनी ते वाचलं, काही जण हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमेंट काढली आणि व्हॉट्सअ‍ॅप केलं, ‘सॉरी दादा, गंमत केली होती, मनावर घेऊ नकोस.’ ब्लू टिक आली, उत्तर नाही. वहिनीही बोलत नाही. मामांचा दर रविवारचा फोन बंद झाला. बायको म्हणते, खरं तेच तर बोललात. तीन आठवड्यांनी मामांची पंचाहत्तरी आहे. फेसबुकवर सगळ्यांसमोर माफी मागू का? की उरलेले पैसे सोडून देऊ?*

*— एक वाचक, सिडको, नाशिक*

फेसबुकवर आत्ता काहीही लिहू नका, आणि पैसेही सोडून देऊ नका. या दोन्ही गोष्टींनी तुमच्या मनावरचं ओझं उतरेल, पण ते दादाच्या खांद्यावर जाऊन बसेल. कसं, ते पुढे सांगते. आधी मामांबद्दल बोलू या, कारण पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात.

‘मामांना तेव्हा काही सांगितलं नव्हतं.’ ते दिवस आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. एका बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, एका इंजेक्शनसाठी लोक नाशिकभर फिरत होते. अशा वेळी मुलगा आतेभावाकडून पैसे घेतो आणि वडिलांना कळू देत नाही. आपल्या दुखण्यापायी पोराला कुणापुढे हात पसरावा लागला, हे म्हाताऱ्या माणसाला लागू नये म्हणून. दादाने ती गोष्ट पाच वर्षं पोटात ठेवली. तुम्ही कमेंटमध्ये रक्कम लिहिली नाही, कारणही लिहिलं नाही, पण ‘उधारी’ आणि ‘पाच वर्षं’ हे दोन शब्द लिहिले. घरातल्या कुणी ते मामांच्या कानावर घातलं असेल, तर पाच वर्षं मागे मोजायला त्यांना किती वेळ लागणार? दर रविवारी फोन करणारा माणूस अचानक थांबतो, तेव्हा तो रागावलेलाच असतो असं नाही. भाच्याला तोंड कसं दाखवू, या संकोचातही माणूस फोन खाली ठेवतो. मामांना कळलंच असेल असं मी म्हणत नाही. पण दादाकडे जाताना ही शक्यता मनात ठेवून जा. चारचौघांत मान खाली गेली एवढंच त्याचं दुखणं आहे असं समजून गेलात, तर माफी अर्ध्याच चुकीची मागाल.

आता ती काढून टाकलेली कमेंट. काढलीत हे ठीकच केलंत, पण त्याने काय झालं ते बघा. फेसबुकवर आपण आपली कमेंट काढली की तिच्याखाली आलेली उत्तरंही जातात. म्हणजे दादाचं ‘हो रे, लक्षात आहे’ हेही गेलं. त्या चार शब्दांकडे जरा थांबून पाहा. सोवळं नेसून दिवसभर पूजेला बसलेला, पाहुण्यांची ऊठबस करून थकलेला माणूस रात्री मोबाईल उघडतो. सासरची माणसं, साहेब, शेजारी सगळे बघत असताना भावाने तगादा लावलेला दिसतो. तो चिडत नाही, उलट बोलत नाही, हिशोब मांडत नाही. ‘किती दिले आणि कशासाठी घेतले होते’ हे त्याला लिहिता आलं असतं आणि सगळ्यांची सहानुभूती त्यालाच मिळाली असती. पण मग वडिलांचं आजारपण चव्हाट्यावर आलं असतं. म्हणून चार शब्दांत त्याने तुम्हालाही सांभाळलं आणि वडिलांनाही. सकाळी तुम्ही कमेंट काढलीत आणि त्याचा तो संयमही पुसला गेला. ज्यांनी रात्री तुमची ओळ वाचली त्यांना ती आठवतेच आहे. ज्यांनी फक्त तुमची ओळ वाचून मोबाईल बंद केला, त्यांना त्याचं उत्तर कधीच दिसलं नाही. भेटाल तेव्हा हे त्याला सांगा. ‘मी न विचारता काढून टाकलं, त्यात तुझं उत्तरही गेलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही,’ असं सांगा. त्याने काय केलं होतं हे तुम्हाला दिसलं, एवढं त्याला कळू द्या.

तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आठ शब्दांचा आहे. त्यातले ‘सॉरी दादा’ हे दोन शब्द ठीक आहेत, पुढचे सहा ते पुसून टाकतात. ‘गंमत केली होती’ म्हटल्यावर चूक त्याच्या समजण्यात गेली, कारण गंमत न कळणारा तो ठरला. ‘मनावर घेऊ नकोस’ ही तर सूचनाच झाली. दुखावलेल्या माणसाने दुखू नये असं आपणच त्याला सांगायचं, म्हणजे काम पुन्हा त्यालाच लावलं. आणि खरं बोलायचं तर ती गंमत नव्हतीच, हे तुम्हाला आणि दादाला दोघांनाही माहीत आहे. नवा फ्लॅट बघून ३५ हजार आठवले. याच्याकडे यासाठी पैसे आहेत, मग आपल्यासाठी का नाहीत, असं आत कुठेतरी टोचलं. असं टोचणं हा गुन्हा नाही, पगारावर घर चालवणाऱ्या कुणालाही टोचेल. पण ती टोचणी हसऱ्या चेहऱ्यामागे लपवून जगापुढे ठेवलीत, ही चूक आहे. माफीत हे कबूल करावं लागेल. ‘गंमत’ हा शब्द मात्र पुन्हा तोंडातून काढू नका.

तुमच्या पत्नीचं म्हणणं खोटं नाही. पैसे येणं आहे, तुम्ही काही बनवून लिहिलं नाही. पण येणं आहे की नाही हा हिशोबाचा प्रश्न झाला, आणि तो दोघांनी बसून सुटतो. माफी मागायची आहे ती, ती गोष्ट कुठे आणि कुठल्या दिवशी काढली याबद्दल. आपल्याकडे उधारी मागायलाही रीत आहे. दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला लग्नाच्या मांडवात अडवत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी, सासरची मंडळी घरात असताना, ज्याला उलट बोलण्याची सोय नाही त्याला अडवलंत. हे मनाशी स्पष्ट असेल तर दादासमोर बोलताना ‘पण’ येणार नाही. ‘माझं चुकलं, पण पैसे तर...’ एवढं जरी निघालं तरी त्याला फक्त ‘पण’च्या पुढचं ऐकू जाईल. पत्नीलाही हे सगळं नीट समजावून सांगा. तुम्ही तिकडे माफी मागताय आणि इकडे ती कुणाशी तरी बोलताना ‘खरंच तर होतं’ म्हणतेय, असं झालं तर नात्यात ते दोन दिवसांत पोहोचतं.

माफी नेमकी कशाने पोहोचते, यावर अमेरिकेत रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माफीचे सहा भाग पाडले: खेद, कारण सांगणं, चूक आपली मानणं, पुन्हा करणार नाही असं म्हणणं, भरपाईची तयारी आणि क्षमा करण्याची विनंती. लोकांना सर्वांत महत्त्वाचा वाटला तो चूक आपली मानण्याचा भाग, त्याखालोखाल भरपाईची तयारी. ‘मला माफ कर’ ही विनंती सगळ्यात कमी कामाची ठरली. अभ्यासात नोकरीसाठी आलेल्या एका हिशोबनिसाच्या चुकीचा काल्पनिक प्रसंग होता, त्यामुळे तो जसाच्या तसा मामा-भाच्यांच्या घरात आणता येणार नाही. तरी एक गोष्ट मला आपल्याकडच्या अनुभवाशी जुळताना दिसते. आपण माफी मागताना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा ‘माफ कर ना रे’ म्हणतो, आणि ‘हे मी केलं’ असं सरळ वाक्य एकदाही म्हणत नाही. ‘माफ कर’ म्हटलं की समोरच्याला लगेच काहीतरी द्यावं लागतं. दादाकडून तुम्ही आधीच बरंच घेतलं आहे. आता मागू नका.

भेटायचं कसं ते सांगते. आणखी एक स्पष्टीकरणाचा मेसेज नको, व्हॉइस नोट नको. पेढ्यांचा बॉक्स घेऊन अचानक दारात उभंही राहू नका. अचानक गेलात तर वहिनीला तुम्हाला आत घ्यावं लागेल, चहा करावा लागेल, आणि मनातलं काहीच कुणी बोलणार नाही. भेट मागणारा एकच छोटा मेसेज करा. मी असते तर असा लिहिला असता: ‘दादा, मी गंमत म्हटलं ते खोटं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. तुला भेटून बोलायचं आहे. तुला जमेल तेव्हा आणि जमेल तिथे येतो. आत्ता नको असेल तरी चालेल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असली की ‘ये’ म्हणणं सोपं जातं.

जागा त्याने सुचवली तर तीच धरा. त्याने तुमच्यावर सोडलं तर घर टाळा, हॉटेलही टाळा. पाथर्डी फाट्यापासून पांडवलेणी जवळ आहे. सकाळी लवकर पायथ्याला, फाळके स्मारकाच्या बाजूला भेटा आणि चालता चालता बोला. समोरासमोर बसलं की डोळ्यांत बघावं लागतं आणि पुरुषमाणसं तिथेच अडतात. शेजारी चालताना मान समोर असते आणि शब्द सुटतात. ही साधी गोष्ट आहे, पण मी अनेक घरांत तिचा उपयोग होताना पाहिला आहे.

भेटल्यावर तुमचं पाठ केलेलं लगेच म्हणून टाकू नका. २००५ मध्ये सिंथिया फ्रांट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांनी माफीच्या वेळेचा अभ्यास केला. दुखावलेल्या माणसाचं म्हणणं ऐकलं गेलं, समोरच्याला ते समजलं असं त्याला वाटल्यावर आलेली माफी जास्त लागू पडते, असं त्यांना दिसलं. तुमचा मेसेज सकाळीच, त्याने एक शब्द बोलायच्या आत गेला होता. तेव्हा आता उलट क्रम ठेवा. एका वाक्यात चूक मान्य करा आणि मग विचारा, ‘त्या रात्री तुझ्याकडे काय काय झालं?’ आणि गप्प राहा. मेव्हण्याने किती पैसे म्हणून विचारलं का, ऑफिसात कुणी टोमणा मारला का, वहिनीला माहेरून फोन आला का, मामांना कळलं का, हे सगळं त्याच्याच तोंडून येऊ द्या. मध्ये ‘अरे, मला कुठे माहीत होतं’ म्हणू नका. तो जुनं काही उकरून काढेल, तुमच्या लग्नातलं, आजीच्या दागिन्यांमधलं. काढू द्या. त्या दिवशी त्याला उत्तर देणं तुमचं काम नाही.

त्याचं बोलून झालं की तुमचं बोला, आणि ते नेमकं असू द्या. ‘मी तुला दुखावलं’ हे फार मोघम झालं. ‘तुझ्या घराच्या पहिल्या दिवशी, वहिनीच्या माहेरच्यांसमोर, मी तुला कर्जबाजारी दाखवलं. मला फ्लॅट बघून पैशांचं आठवलं होतं, ते तुला फोनवर सरळ विचारायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून हसून लिहिलं. मामांच्या आजारपणाचे पैसे होते आणि ते आपल्या दोघांतच राहायचे होते. ते मी उघडं केलं. तू तिथेही माझी लाज राखलीस.’ इतकं पुरे. शब्द तुमचे घाला, पण हे चार तपशील सोडू नका: दिवस, माणसं, पैशांमागचं कारण, आणि त्याने तुम्हाला सांभाळून घेतलं ते. मग विचारा, ‘हे मी कुठे आणि कसं दुरुस्त करू?’ आणि तो सांगेल ते ऐका.

तुम्ही फेसबुकचं विचारलंत ते इथे येतं. चूक चारचौघांत झाली, मग माफीही चारचौघांत हवी, हा विचार रास्त आहे आणि मीही एकदा तसंच केलं होतं. काही वर्षांपूर्वी घरच्या ग्रुपवर मी मावसबहिणीच्या मुलाच्या दहावीच्या मार्कांवर काहीतरी बोलून गेले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्याच ग्रुपवर अकरा ओळींची माफी लिहिली, मी काय म्हटलं, का म्हटलं, मुलगा किती गुणी आहे, सगळं. दुपारपर्यंत नागपूरच्या काकूंचा बहिणीला फोन गेला, ‘काय गं, किती मार्क पडले त्याला?’ ज्यांनी माझा पहिला मेसेज पाहिलाच नव्हता त्यांनाही माझ्या माफीने तो वाचून दाखवला. बहीण नंतर एवढंच म्हणाली, ‘तुला बरं वाटलं ना?’ ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

तुमच्या बाबतीत तर ओळ काढून टाकलेली आहे. तीन-चार आठवड्यांनी तिथे लांबलचक माफी आली, तर जुनी पोस्ट पुन्हा लोकांच्या नजरेसमोर येऊ शकते आणि न वाचलेलेही विचारतील, काय झालं होतं? म्हणून खासगीतली माफी पूर्ण, नावगावासकट असू द्या. लोकांसमोरची, मागायचीच तर, दोन ओळींची असावी आणि तिच्यात ‘उधारी’, ‘पैसे’, ‘पाच वर्षं’ यातलं काहीही नसावं. ती लिहायची की नाही हे दादा ठरवेल. तो हो म्हणाला तर मजकूर आधी त्याला दाखवा. असं काहीतरी चालेल: ‘दादा, तुझ्या वास्तुशांतीच्या दिवशी मी इथे एक अयोग्य कमेंट केली होती. चूक पूर्ण माझी होती.’ हसरा चेहरा नको, हात जोडलेले नकोत, कुणाला टॅग नको. ते त्याच पोस्टखाली लिहा, स्वतःच्या वॉलवर नको, कारण तुमच्या वॉलवर ती तुमच्या चांगुलपणाची पोस्ट होऊन बसते आणि ‘ग्रेट भावा’ म्हणून तुम्हालाच लाइक मिळतात. खाली कुणी ‘अरे काय झालं?’ विचारलं तर उत्तर देत बसू नका.

बहुधा दादा म्हणेल, ‘राहू दे, परत विषय नको.’ मग राहू द्या. तरी एक काम उरतं आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. त्या रात्री जे हसले, त्यातले तुमच्या बाजूचे कोण होते? मित्र असतील, चुलत्यांकडचं कुणी असेल. त्यांना वेगवेगळा फोन करून सांगा, ‘ते मी चुकीचं लिहिलं होतं. दादाने माझं काही बुडवलेलं नाही. यापुढे तो विषय काढू नका.’ कारण सांगायची गरज नाही. दादाच्या सासरी मात्र तुम्ही होऊन फोन करू नका. तिथे काय सांगायचं, मामांचं आजारपण सांगायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं. तुमची मदत हवी असेल तर तो सांगेल.

वहिनीचं वेगळं आहे. तिला दादामार्फत ‘सॉरी सांग’ म्हणू नका. तो फ्लॅट तिचाही आहे, आणि तिच्या माहेरच्यांपुढे तिचा नवरा लहान झाला. त्या दिवशी आलेल्या बायकांच्या ओट्या भरताना, मोठ्या माणसांना वाढताना, हे तिच्या कानावर कसं आलं असेल याचा विचार करा. दादाशी बोलणं झाल्यावर, त्याला विचारून, तिला फोन करा. ‘वहिनी, तुमच्या घराच्या पहिल्या दिवसाला मी गालबोट लावलं. तुम्हाला माहेरी उत्तरं द्यावी लागली असतील. हे माझ्यामुळे झालं.’ ती कदाचित ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवेल. तिचा तो हक्क आहे.

मामांना मध्यस्थ करायचा मोह होईल, कारण मोठे आहेत, मुलाला दोन शब्द सांगतील. नका करू. दादाने त्यांना जे कळू दिलं नाही ते तुम्हीच सांगून बसाल. त्यांना कळलं आहे असं दादाकडून समजलं, तर मात्र मामांना भेटायला जा, पण दादाला सांगून. आणि तिथे पैशांची फेड, बाकी, काहीही बोलू नका. ‘मामा, तेव्हा तुम्ही घरी आलात हेच मला हवं होतं,’ एवढं म्हणा आणि नेहमीसारखे जेवा.

आता ते ३५ हजार. माफीबरोबर ते सोडून देऊ नका. पत्रात तुम्ही हे मोठ्या मनाने लिहिलं आहे, मला कळतं. पण ज्याला लोकांसमोर देणेकरी म्हटलं त्यालाच लगेच ‘जाऊ दे, नको देऊ’ म्हणणं म्हणजे त्याला देणेकऱ्याचा याचक करणं. त्याने २५ हजार फेडले आहेत, उरलेले फेडायची त्याची इच्छा आहे, ‘लक्षात आहे’ असं त्याने लिहूनही दिलं होतं. त्या माणसाचा फेडण्याचा मान राहू द्या. त्याच कारणाने भेटीत तुम्ही होऊन पैशांचा विषयही काढू नका.

एक गोष्ट घडू शकते, तिची तयारी ठेवा. भेटायचा मेसेज वाचल्यावर किंवा भेटीच्या दिवशीच तो रागाने सगळे ३५ हजार जीपेवर पाठवेल, कदाचित कुणाकडून उसने घेऊन. ते परत पाठवू नका. ‘हे काय दादा, घे परत’ असा पैशांचा खेळ सुरू झाला की मूळ गोष्ट बाजूला पडते. ‘मिळाले’ एवढं लिहा. आणि मग, पैसे पूर्ण आल्यानंतरही, माफीसाठी भेटायला जाच. त्या भेटीला सगळ्यात जास्त किंमत आहे, कारण तेव्हा तुमचं त्याच्याकडे काही येणं नसेल.

तो उत्तरच देणार नाही, असंही होईल. भेटीचा मेसेज पाहून दहा दिवस गेले तरी काही आलं नाही, तर हाताने एक पत्र लिहा. एक पान, वर सांगितलेले चार तपशील, खाली ‘उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ पाकीट बंद करून त्याच्याच हातात जाईल असं बघा, वॉचमनकडे नको. त्यानंतर थांबा. प्रत्येक सणाला माफीचा मेसेज पाठवणं हा तगादाच झाला, आणि तगाद्यानेच हे सुरू झालं होतं.

पंचाहत्तरीला बोलावणं आलं तर जा, तोवर भेट झालेली असो वा नसो. लवकर जा. भाचा म्हणून जी कामं नेहमी करता तीच करा, खुर्च्या मांडा, पाहुण्यांना पाणी द्या, मामांना नमस्कार करा. दादाला कोपऱ्यात गाठू नका, माइक हातात आला तर भावांच्या प्रेमाबद्दल काही बोलू नका. फोटोत बोलावलं तर उभे राहा. आणि त्या दिवशीचे फोटो तुम्ही फेसबुकवर टाकू नका, ते दादाला टाकू द्या. त्याने टाकले की खाली ‘मामांना नमस्कार’ एवढंच लिहा. बोलावणं आलंच नाही, तर मामांना सकाळी फोन करून शुभेच्छा द्या आणि बोलावण्याचा विषय काढू नका.

दादा ‘जाऊ दे रे, झालं ते झालं’ म्हणाला म्हणजे मिटलं, असं धरून चालू नका. आपल्याकडे ते वाक्य बोलणं थांबवायलाही वापरतात. मिटायला लागलं की तो तुम्हाला एखादं काम सांगेल. नव्या फ्लॅटला सुतार बघून दे, मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने, असं काहीतरी. किंवा एखाद्या गोष्टीवरून तुमच्यावर आधीसारखा खेकसेल. तोपर्यंत हिशोबाचं बोलू नका. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, पैसे अजून यायचे असतील आणि तुम्हाला खरंच गरज असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्याला फोन करा. आधी विचारा, ‘दादा, एकटा आहेस का? बोलू का?’ तो हो म्हणाला की सरळ सांगा, ‘मुलीची फी भरायची आहे, जूनपर्यंत काही जमेल का? नसेल तर नंतरचं बोलू.’ पाच वर्षांत हा फोन एकदाही झाला नव्हता.